रेझ्युमेतून तारखा काढल्या की नेमकं काय गायब होतं?

*मी 38 वर्षांची, नाशिकला राहते. बीकॉम करून पुण्यात एका कंपनीत जवळपास सात वर्षं अकाउंट्सला होते. 2017 ला मुलगी लहान म्हणून आणि पुढे सासूबाईंच्या आजारपणामुळे नोकरी सोडली. 2022 पासून इथल्या एका सीएंकडे अर्धवेळ जाते. आता फुलटाइम काम हवंय. ओळखीतल्या एकांनी सांगितलं की गॅप दिसला की सॉफ्टवेअरच रेझ्युमे उडवतं, त्यामुळे फंक्शनल फॉरमॅट कर, म्हणजे काम विषयवार लाव, तारखा वर दाखवूच नको. तसा एक छान टेम्प्लेट घेऊन केला, 40 ठिकाणी पाठवला, एक फोन नाही. भाऊ म्हणतो जुना साधा तारीखवारच बरा, मैत्रीण म्हणते दोन्ही मिसळून हायब्रिड. रोबोट नक्की कुठला वाचतो? रेझ्युमे जोडलाय.*

तुमचा रेझ्युमे उघडला आणि वाचायच्या आधी एक गोष्ट केली, जी मी भरतीच्या कामात असताना कुणाचा रेझ्युमे सिस्टिममध्ये वेडावाकडा दिसला की करायचे. सगळं सिलेक्ट केलं, कॉपी केलं आणि नोटपॅडमध्ये पेस्ट केलं. सॉफ्टवेअरला रेझ्युमे साधारण असाच दिसतो, रंग नाही, चौकटी नाहीत, नुसता मजकूर. तुमचा असा आला:

```
Tally ERP 9 Accounts Executive
GST Jun 2010 - Mar 2017
MS Excel Pune
```

दुसरी ओळ परत वाचा. जीएसटी, जून 2010 ते मार्च 2017. आता जीएसटी लागू झाला 1 जुलै 2017 ला, म्हणजे तुम्ही पुण्याची नोकरी सोडल्यावर तीन महिन्यांनी, आणि तुमच्या रेझ्युमेप्रमाणे तुम्ही तो सात वर्षं आधीपासून करताय! तुम्ही असं कुठेच लिहिलेलं नाही हे मला माहितीये. झालंय काय की टेम्प्लेटमध्ये डावीकडे स्किल्सची निळी पट्टी आहे आणि उजवीकडे बाकी मजकूर, आपण माणसं आधी डावी पट्टी वाचून मग उजवीकडे जातो पण बरीच सॉफ्टवेअर्स ओळ डावीकडून उजवीकडे सरळ ओढत नेतात, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटल्या. एक्सेलपुढचे पाचपैकी चार भरलेले ठिपके तर आलेच नाहीत. आणि तुमचा फोन नंबर पानाच्या वरच्या हेडरमध्ये टाकलाय, काही सॉफ्टवेअर वर्डचा हेडर-फूटर वाचतच नाहीत, म्हणजे समजा कुणाला फोन करावासा वाटला तरी सिस्टिममध्ये नंबरची जागा रिकामी असायची शक्यता आहे.

हा सगळा घोळ मांडणीचा आहे, फॉरमॅटचा नाही. लोक या दोन गोष्टी एकत्र करतात आणि तिथेच गडबड होते. एका कॉलमात सरळ टाइप केलेला फंक्शनल रेझ्युमे सॉफ्टवेअर अक्षर न् अक्षर वाचतं, आणि दोन कॉलम, आयकॉन, टेक्स्ट बॉक्स टाकून सजवलेला तारीखवार रेझ्युमेसुद्धा असाच विस्कटतो. म्हणजे मांडणी दुरुस्त केली की तुमची अर्धी अडचण जाईल, फॉरमॅट कुठलाही असो. उरलेली अर्धी मात्र फंक्शनलचीच आहे, आता तिच्याकडे येते.

आधी तो रोबोट. गॅप दिसला म्हणून आपणहून रेझ्युमे फेकून देणारं सॉफ्टवेअर मी माझ्या बारा वर्षांत वापरलेलं नाही. एटीएस म्हणतात त्या सिस्टिम मुळात अर्ज गोळा करायच्या, लावून ठेवायच्या कपाटासारख्या असतात. फाइल आली की त्यातून नाव, फोन, कंपन्या, पदं, तारखा, शिक्षण, स्किल्स वेगळे काढून रकान्यांत भरायचे, याला पार्सिंग म्हणतात. मग रिक्रूटर त्या रकान्यांवर सर्च मारतो, फिल्टर लावतो. काही सिस्टिम जाहिरातीशी किती जुळतं याचा स्कोअर लावून यादी वरखाली करतात. खरं आपोआप रिजेक्शन होतं ते बहुतेक वेळा अर्जासोबत विचारलेल्या प्रश्नांवर, म्हणजे अनुभव किती वर्षं, अमुक शहरात यायची तयारी आहे का, नोटीस पीरियड किती. तिथे कंपनीने आधीच अट लावलेली असते आणि तुमचं उत्तर त्यात बसलं नाही तर रेझ्युमे उघडलाच जात नाही, मग तो कुठल्या का फॉरमॅटमध्ये असेना. तुमच्या 40 पैकी किती ठिकाणी असे प्रश्न होते आणि एकूण अनुभवाच्या रकान्यात तुम्ही काय भरलंत, हे एकदा आठवून बघा. गॅप असलेल्या बायका तिथे बरेचदा घाबरून कमी आकडा टाकतात, म्हणून विचारतेय.

आता फंक्शनल. यात तुम्ही काम विषयवार लावलंय, वर 'अकाउंटिंग', मग 'टॅक्सेशन', मग 'कोऑर्डिनेशन', प्रत्येकाखाली चारपाच ओळी, आणि सगळ्यात शेवटी दोन कंपन्यांची नावं आणि तारखा. सॉफ्टवेअरने ओळी वाचल्या, पण कुठलं काम कुठल्या कंपनीत आणि कधी केलं हे जोडायचा धागाच त्याला मिळत नाही. काही पार्सर तर प्रत्येक स्किलपुढे 'किती महिने वापरलं' आणि 'शेवटचं कधी वापरलं' असा हिशोब लावतात, आणि तो हिशोब ते नोकरीच्या तारखांवरूनच लावतात. तारखा शेवटी एका कोपऱ्यात, काम वर भलतीकडेच, मग हिशोब शून्य येतो किंवा चुकीचा. रिक्रूटरने 'अकाउंट्स पेएबल, कमीत कमी पाच वर्षं' असा फिल्टर लावला की सात वर्षं केलेली बाई यादीत दिसतच नाही. कुणी नाकारलं नाही हो, सापडल्याच नाहीत.

आणि समजा सापडलात, तर पुढे माणूस आहे. भरती करणारा पहिल्या नजरेत रेझ्युमे वाचत नाही, चाळतो. अमेरिकेत एका जॉब साइटने डोळ्यांची हालचाल टिपून बघितलं होतं, 2012 मध्ये पहिल्या नजरेला सरासरी सहा सेकंद निघाले आणि 2018 मध्ये 7.4. सेकंद थोडे इकडेतिकडे होतील पण नजर कुठे जाते ते माझ्या अनुभवाशी जुळतं: नाव, आत्ताचं पद आणि कंपनी, तिथल्या तारखा, त्याआधीचं पद आणि तारखा, शिक्षण. तुमच्या रेझ्युमेत या जागांवर 'हार्डवर्किंग' आणि 'टीम प्लेअर' आहे. मी रिक्रूटर असते तर काय केलं असतं सांगू? सरळ शेवटच्या पानावर जाऊन तारखा शोधल्या असत्या, कारण फंक्शनल रेझ्युमे दिसला की आमच्या मनात पहिला विचार येतो की काहीतरी झाकलंय. आणि झाकलंय म्हटल्यावर माणूस खऱ्यापेक्षा मोठंच काहीतरी कल्पतो. पाच वर्षांचा घरगुती गॅप ही अकाउंट्समध्ये बायकांच्या बाबतीत अगदी रोजची गोष्ट आहे, पण तारखा वर दिसतच नाहीत म्हटल्यावर मला वाटणार काढून टाकलं होतं की काय.

तुमच्या बाबतीत तर आणखी एक गंमत आहे, आणि मला वाटतं या सगळ्यात तीच मोठी. अकाउंट्सचं पद भरणाऱ्याला 2017 ला नोकरी सोडलेल्या उमेदवाराबद्दल खरी भीती कसली वाटेल? मुलगी लहान होती याची नाही. त्याला वाटेल की ही बाई व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सच्या काळातली, जीएसटी हिने हाताने केलेलाच नाही, GSTR-2B या इनपुट क्रेडिटच्या स्टेटमेंटशी परचेस रजिस्टर जुळवायला बसवलं तर शिकवत बसावं लागेल. ते स्टेटमेंट सुरू झालं 2020 मध्ये, तुमच्या गॅपच्या ऐन मध्यात. आणि या भीतीचं अगदी चोख उत्तर तुमच्याकडे आहे, सप्टेंबर 2022 पासून आजपर्यंत तुम्ही त्या सीएंकडे हेच तर करताय, GSTR-1, GSTR-3B, 2B चं रिकन्सिलिएशन. पण गॅप लपवायला तुम्ही कामांपुढच्या तारखा काढून शेवटी टाकल्या आणि त्याबरोबर 'हे काम मी आत्ता, चालू महिन्यात करतेय' हेही गेलं. तुमची सगळ्यात जमेची बाजू तुम्हीच पुसलीत.

म्हणून माझं मत भावाच्या आणि मैत्रिणीच्या मध्ये कुठेतरी आहे, जरा भावाकडे झुकलेलं. नुसता उलट्या क्रमाचा तारीखवार रेझ्युमे, म्हणजे आत्ताचं काम वर आणि जुनं खाली, हा सॉफ्टवेअर आणि माणूस दोघांना सगळ्यात सोपा जातो. ज्याची नोकरी सलग आहे आणि पुढचीही त्याच लाइनीत हवीय त्याने दुसरा विचारच करू नये. तुमच्याकडे एकच अडचण आहे, वरचं पहिलं पद अर्धवेळ आणि लहान ऑफिसातलं, सात वर्षांचं मोठ्या कंपनीतलं काम खाली. पहिल्या नजरेत ते निसटू नये म्हणून वर चार ओळी हव्यात. त्या चार ओळी अधिक खाली पूर्ण तारीखवार अनुभव, एवढाच हायब्रिडचा अर्थ घ्या. लोक हायब्रिड म्हणून अर्धं पान स्किल्सने भरतात आणि अनुभव दुसऱ्या पानावर ढकलतात, तो हायब्रिड नव्हे, फंक्शनलच झाला, फक्त तारखा असलेला. पहिलं पद पहिल्याच पानाच्या वरच्या अर्ध्यात दिसलं पाहिजे.

वरच्या चार ओळींत काय? पहिली ओळ, अकाउंट्स पेएबल आणि जीएसटी, एकूण अनुभव किती. दुसरी, सध्या काय करताय. तिसऱ्या-चौथ्या ओळीत स्किल्स, स्वल्पविराम देऊन साध्या अक्षरात, ठिपके-पट्ट्या नाहीत. आणि तिथे जे लिहाल ते खाली कुठल्या ना कुठल्या नोकरीत परत दिसलं पाहिजे, नाहीतर तो नुसता दावा राहतो. मग अनुभवाचा सांगाडा असा:

```
Accounts & GST Assistant, part-time
CA firm, Nashik
Sep 2022 - Present

Career Break, family care
Apr 2017 - Aug 2022

Accounts Executive - Accounts Payable
[Company], Pune
Jun 2010 - Mar 2017
```

(सीए फर्मच्या जागी तुमच्या फर्मचं खरं नाव टाका.) तारखा सगळीकडे एकाच पद्धतीने, महिना आणि वर्ष. नुसतं वर्ष लिहिलं तर सॉफ्टवेअर महिना आपल्या मनाने धरतं, आणि माणसाला वाटतं महिने मुद्दाम खाल्लेत. ब्रेकची ओळ बिनधास्त लिहा, एक ओळ पुरे, सासूबाईंच्या आजाराचं नाव-गाव नको. लिंक्डइनवरसुद्धा 2022 पासून करिअर ब्रेक टाकायची वेगळी सोय आहे, म्हणजे हा काही लपवायचा प्रकार राहिलेला नाही. आणि कुणी सुचवलंच की पुण्याची नोकरी 2019 पर्यंत ओढून दाखव, तर ते अजिबात करू नका. तुमचा पीएफ कापला जात असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख आहे, ऑफर दिल्यावर व्हेरिफिकेशनला तीच बघितली जाते. तारखेच्या फेरफारीवर ऑफर रद्द झालेली मी स्वतः बघितलीये, गॅपवर नाही.

पदाच्या नावात मी 'अकाउंट्स पेएबल' जोडलंय ते का, तेही सांगते. तुमचं पत्रावरचं पद अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, ते बदलायचं नाही, पण जाहिराती आणि सर्च 'अकाउंट्स पेएबल' या शब्दांवर होतात आणि तुमच्या रेझ्युमेत ते शब्दच नाहीत, तुम्ही लिहिलंय 'हँडल्ड व्हेंडर पेमेंट्स'. माणसाला दोन्ही एकच, पण सर्च टाकणाऱ्याच्या खिडकीत जो शब्द टाइप केलाय तोच लागतो. काही सिस्टिम समानार्थी ओळखतात, सगळ्या नाही. म्हणून जाहिरातीतला शब्द, जर ते काम खरंच केलं असेल तर, जसाच्या तसा घ्या, आणि AP सारखं छोटं रूप एकदा शेजारी द्या. पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवायची युक्ती कुणी शिकवली तर विसरा, नोटपॅडमध्ये ते सगळं उघडं पडतं, मी वर केलं तसं.

आता ती 'हँडल्ड व्हेंडर पेमेंट्स'चीच ओळ घेऊ. तुम्ही पुण्यात रोज काय करत होता? व्हेंडरचं बिल आलं की पर्चेस ऑर्डर काढायची, स्टोअरची जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, काढायची, तिन्हीचं क्वांटिटी आणि रेट जुळवायचं, जुळलं नाही तर पर्चेसवाल्याला फोन, जुळलं की टॅलीत एंट्री, टीडीएस कापून पेमेंटच्या यादीत. हे अकाउंट्सच्या भाषेत थ्री-वे मॅचिंग, आणि जाहिरातींत हा शब्द नेहमी असतो. तर ओळ अशी होईल: थ्री-वे मॅचिंग करून महिन्याला इतकी व्हेंडर बिलं टॅलीत पोस्ट केली, टीडीएस कापून साप्ताहिक पेमेंट लावलं. 'इतकी' च्या जागी तुमचा आकडा, आठवेल तेवढा खरा. मोठाच असायला हवा असं नाही, 150 असली तरी 150 लिहा, कारण वाचणाऱ्याला त्यावरून कळतं तुम्ही कुठल्या आकाराच्या ऑफिसात होता. सीएंकडच्या कामालाही असंच, किती क्लायंटची रिटर्न्स भरता, 2B जुळवताना इनपुट क्रेडिटचा फरक निघाला की पुढे काय करता. अर्धवेळ पदाखाली चार ओळी, पुण्याच्या पदाखाली चार-पाच. तुमच्या फंक्शनलमधल्या बऱ्याच ओळी फुकट जाणार नाहीत, फक्त त्यांना आपापल्या घरी पाठवायचंय.

असंच विचारणारी अजून दोनतीन पत्रं पडलीयेत, त्यांचंही इथेच उरकते. फ्रेशरने फंक्शनलच्या नादी लागू नये, शिक्षण वर, त्याखाली प्रोजेक्ट आणि इंटर्नशिप तारखांसकट, की झाला तारीखवार. लाइन बदलणाऱ्यांना, म्हणजे शाळेत शिकवणारी बाई कंपनीच्या ट्रेनिंग विभागात जाऊ बघतेय वगैरे, हायब्रिड खरंच उपयोगी पडतो, कारण 'सहायक शिक्षिका' या पदावरून वाचणाऱ्याला पुढचं दिसत नाही, ते वरच्या ओळींनी दाखवावं लागतं. सुटी सुटी छोटी कामं करणाऱ्यांनी दहा वेगळ्या नोंदी करण्यापेक्षा 'फ्रीलान्स' अशी एकच नोंद, सुरू-शेवट तारीख, आणि आत क्लायंटवार कामं. शुद्ध फंक्शनल मला फक्त एकाच ठिकाणी चाललेला दिसलाय, जिथे रेझ्युमे ओळखीच्या माणसाने थेट हातात दिला आणि त्याने तुमची गोष्ट आधीच तोंडी सांगितली होती. पोर्टलवर नाही.

फाइल म्हणाल तर वर्डमध्ये एका कॉलमात टाइप करा, शीर्षकं सरळ Work Experience, Skills, Education, कल्पक नावं नकोत. फोटो, जन्मतारीख, नवऱ्याचं नाव काढा, फोन आणि ईमेल पहिल्या ओळींत हेडरच्या बाहेर. जाहिरातीत काही सांगितलं नसेल तर वर्डची फाइल किंवा वर्डमधूनच काढलेली पीडीएफ, दोन्ही चालतात. डिझाइनच्या अॅपमधून काढलेली पीडीएफ मात्र तपासा, कधी कधी f आणि i ही जोडअक्षरं कॉपी करताना गळतात आणि finance चं nance, Certified चं Certi ed होतं, मग finance शोधणाऱ्याला तुम्ही कुठून दिसणार. पाठवायच्या आधी दरवेळी तीच नोटपॅडची चाचणी करा, दोन मिनिटांचं काम. वर्कडे सारख्या साइटवर अर्ज करताना रेझ्युमेवरून फॉर्म आपोआप भरायची सोय असते, तिथे रकान्यांत काय पडलं ते वाचा, सॉफ्टवेअरला तुमचं काय समजलं हे तिथे आयतंच दिसतं, आणि चुकलं असेल तर हाताने नीट करून मगच पुढे जा.

नोकरी डॉट कॉमवर मात्र फाइलपेक्षा प्रोफाइलचे रकाने जास्त कामाचे, रिक्रूटर तिथे की स्किल्स, एकूण अनुभव, शहर आणि प्रोफाइल शेवटचं कधी अॅक्टिव्ह होतं यावर गाळतो आणि मग फाइल उघडतो. त्यामुळे तुमच्या रेझ्युमेत अकाउंट्स पेएबल आलं आणि प्रोफाइलच्या हेडलाइनमध्ये अजून 'सीकिंग चॅलेंजिंग पोझिशन' असेल तर काही हलणार नाही. अनुभवाच्या रकान्यात पुण्याची सहा वर्षं दहा महिने अधिक सीएंकडचा काळ धरा, ब्रेक धरू नका, आणि अर्धवेळ आहे हे पदाच्या नावातच लिहिलेलं असल्याने कुणी फसवलं असं म्हणणार नाही.

आणि ते 40 अर्ज. ज्या कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवर अकाउंट काढून भरले असतील तिथे तुमचा जुना, विस्कटलेला रेकॉर्ड अजून पडलेला असणार, आणि नवी जागा निघाली की कधी कधी तोच समोर येतो. त्यामुळे नुसता नवा अर्ज न टाकता आधी लॉगिन करून जुनी फाइल काढा, नवी चढवा, अनुभवाचे रकाने एकेक करून वाचा. सगळ्या 40 जागी जमणार नाही, ज्या पाचसात ठिकाणी खरंच जायचंय तिथे करा, आणि फोन नंबरचा रकाना सगळ्यात आधी बघा.